‘आमच्याकडे असं करतात’: अठरा वर्षं एकाच कंपनीत काढलेल्या क्वालिटी इंजिनियरचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांसाठी मी बरीच वर्षं भरतीचं काम करते आहे. कंपनीसाठी माणूस शोधणं हा माझा व्यवसाय. या प्रकरणात मात्र मी माणसाच्या बाजूने बसले होते. ओळखीतल्या एका सहकाऱ्याने त्याच्या मेव्हण्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांचं किंवा कोणत्याही कंपनीचं नाव इथे देत नाही. शॉपवर सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणायचे, कारण नव्या मुलांना मायक्रोमीटर धरायला तेच शिकवत. मीही इथे तेच नाव वापरते.

मास्तर सोलापूरकडचे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर जुलै २००६ मध्ये भोसरी एमआयडीसीतल्या मशिनिंगच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपाची ॲल्युमिनियमची बॉडी हे तिथलं मुख्य उत्पादन. २०१२ मध्ये कंपनीने चाकणला दुसरा प्लांट टाकला तेव्हा तिकडे गेले. ट्रेनी, इन्स्पेक्टर, इंजिनियर, सीनियर इंजिनियर, असिस्टंट मॅनेजर अशी पाच पदं झाली. गेटपास मात्र एकाच कंपनीचा.

२०२४ च्या सुरुवातीला व्यवस्थापनाने क्वालिटी आणि नव्या पार्टचं डेव्हलपमेंट ही दोन्ही कामं गुजरातच्या प्लांटला हलवायचं ठरवलं. मास्तरांना तिकडे जागा देऊ केली होती. आईचं दुखणं आणि नववीतली मुलगी यामुळे त्यांना पुणं सोडता येत नव्हतं. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, नोकरी शोधायची वेळ आली.

अडचण काय होती

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी तीन महिने प्रयत्न केले होते. पोर्टलवरून अकरा ठिकाणी अर्ज, तीन फोन, दोन मुलाखती, आणि दोन्हीकडून पुढे काहीच नाही. सीव्ही दोन पानांचा. अनुभवाच्या जागी एकच नोंद: ‘२००६ ते आजपर्यंत’. तिच्याखाली कामांची यादी, म्हणजे इनकमिंग तपासणी, इन-प्रोसेस तपासणी, ग्राहकांच्या तक्रारी, ऑडिट. सगळं खरं, पण वाचून कळत नव्हतं की यातलं कोणतं काम २००७ चं आणि कोणतं २०२३ चं. अठरा वर्षं एका सपाट पट्टीसारखी दिसत होती.

पहिल्या मुलाखतीत ठरलेला प्रश्न आला: इतकी वर्षं एकाच ठिकाणी का? मास्तरांनी मनापासून उत्तर दिलं. कंपनीने घरच्यासारखं सांभाळलं, मीही प्रामाणिक राहिलो, कधी सोडावंसं वाटलं नाही. दुसऱ्या मुलाखतीत, पहिल्या वेळी काहीतरी चुकलं असं वाटून, उलट टोक गाठलं. वरच्यांनी अन्याय केला, बाहेरून आणलेल्या माणसाला हेड केलं, वगैरे.

टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याला या प्रश्नातून काय हवं असतं, ते मी अनेक वर्षं जवळून पाहिलं आहे. निष्ठेबद्दल कुणाला शंका नसते. भीती तीन गोष्टींची असते. हा माणूस एकाच घराच्या रितीत इतका मुरला आहे का, की दुसरी रीत त्याला चूकच वाटेल? याला अठरा वर्षांचा अनुभव आहे, की तीन वर्षांचा अनुभव सहा वेळा? आणि याची कामं त्याच्या कसबाने होतात, की अठरा वर्षांच्या ओळखीपाळखीने? ‘घरच्यासारखं सांभाळलं’ हे उत्तर या तिन्ही भीतींना खतपाणी घालतं. ‘अन्याय झाला’ हे उत्तर त्यात चौथी भीती जोडतं.

पहिल्या भेटीत मी त्यांची सराव मुलाखत घेतली. पंचवीस मिनिटं बोललो. मी कागदावर एकाच शब्दाच्या खुणा करत होते, ‘आमच्याकडे’. आमच्याकडे असं करतात, आमच्याकडे हे चालत नाही, आमच्याकडे हे वेगळं असतं. एकतीस खुणा झाल्या. कागद त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, मला दुसरं ठिकाणच माहीत नाही, तर मी काय म्हणू?”

प्रकरणाची गाठ इथेच होती. पुढचा सगळा खटाटोप, हे वाक्य खरं आहे का ते तपासण्याचा होता.

कोणते पर्याय होते

मास्तरांच्या एका मित्राने सुचवलं होतं की सीव्हीत अठरा वर्षं दोन वेगवेगळ्या नोकऱ्यांसारखी मांडावीत. भोसरीचा प्लांट एक कंपनी, चाकणचा दुसरी. पोर्टलवर हे छान दिसलं असतं, पण पडताळणीत कोसळलं असतं. पीएफच्या यूएएन खात्यातल्या सर्व्हिस हिस्टरीत कोणत्या आस्थापनेत कधी लागलात, कधी सोडलंत, हे दिसतं आणि आता बहुतेक कंपन्या ती मागतात. खऱ्या अठरा वर्षांसाठी माणूस खोटा ठरला असता. हा पर्याय मी त्याच बैठकीत बंद केला.

दुसरा पर्याय होता तारखा मागे ढकलून फक्त कौशल्यांवर बांधलेला सीव्ही. हा खोटा नाही, पण भरती करणाऱ्याच्या डोळ्याला तो लगेच खटकतो. तारखा शोधाव्या लागल्या की पहिला विचार येतो, हा काय लपवतोय? ज्याच्या नोकरीत एक दिवसाचाही खंड नाही त्याने असा संशय विकत का घ्यावा?

तिसऱ्यावर आमचा खरा वाद झाला. मास्तरांना आधी सिक्स सिग्माचा ब्लॅक बेल्ट कोर्स करायचा होता. बाहेरचा शिक्का मिळाला की लोक विश्वास ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. कोर्स वाईट नव्हता. पण त्यात सहा-आठ महिने गेले असते आणि तोवर गुजरातच्या बदलीची तारीख उलटली असती. शिवाय समोरच्याच्या मनात ‘शिकलेला नाही’ ही शंका नव्हतीच, ‘बदललेला नाही’ ही होती. प्रमाणपत्र तिचं उत्तर देत नाही. कोर्स नंतर करायचा असं ठरलं.

उरला तो पर्याय वरवर अगदी साधा. कंपनीचं नाव एकदाच, वर एकूण कालावधी, आणि खाली अठरा वर्षांचे खरे टप्पे, प्रत्येकाला स्वतःचं पद, तारखा आणि काम. कठीण भाग हा की टप्पे पदांप्रमाणे पाडायचे नाहीत. बढतीचं पत्र आलं म्हणून माणूस बदलत नाही. जिथे काम बदललं आणि जुनं ज्ञान अपुरं पडलं, तिथे रेघ मारायची.

काय केलं

मास्तरांकडे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी अप्रेझलची आणि पगारवाढीची पत्रं होती. ती तारखेने लावली. प्रत्येक वर्षासाठी मी एकच प्रश्न विचारला: या वर्षी असं काय आलं, जे तुम्हाला आदल्या वर्षी येत नव्हतं? सात-आठ वर्षांसाठी उत्तर ‘काही नाही’ असं आलं, आणि ते तसंच राहू दिलं. तीन जागी मात्र ते थांबून बोलू लागले.

पहिली जागा २०१२ ची. चाकणच्या नव्या प्लांटमध्ये पहिले आठ महिने क्वालिटीला ते एकटेच होते. गेज मागवण्यापासून ऑपरेटर शिकवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. दुसरी जागा २०१७-१८ ची, जेव्हा वाहनउद्योगातल्या गुणवत्तेच्या जुन्या टीएस प्रमाणपत्राऐवजी आयएटीएफ १६९४९ आलं आणि सप्टेंबर २०१८ च्या आत बदल पूर्ण करायचा होता. त्यांच्या प्लांटची कागदपत्रं त्यांनी उभी केली.

तिसरी जागा सर्वांत मोलाची निघाली, आणि ती त्यांच्या सीव्हीत नव्हतीच. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू होणार होते. त्याच्या दीड वर्ष आधी ग्राहकाने पंप बॉडीच्या स्वच्छतेची नवी मर्यादा पाठवली. आधी ‘बर नको, कचरा नको’ एवढंच असायचं, बर म्हणजे कडेला उरलेली धातूची कुसळं. आता पार्ट द्रावकाने धुवायचा, ते द्रावक बारीक गाळणकागदातून काढायचं, कागद वाळवून वजन करायचा, कचरा किती मिलिग्रॅम ते पाहायचं, आणि मग मायक्रोस्कोपखाली सर्वांत मोठा कण किती मायक्रॉनचा ते मोजायचं. इंजेक्शनचा दाब इतका असतो की एक कडक कण इंजेक्टरचं भोक खराब करायला पुरे.

मास्तरांचं पहिलं मत होतं की वॉशिंग मशीनचा वेळ वाढवला की झालं. वेळ वाढवला, तरी पार्ट नापास होत राहिले. दोन आठवड्यांनी गाळणकागदावर नीट पाहिलं तेव्हा धातूपेक्षा धागेच जास्त. धुऊन निघालेला पार्ट ऑपरेटर सुती हातमोज्यांनी उचलत होते, कॉटन वेस्टने पुसत होते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होते. कचरा मशीनमध्ये नव्हता, धुतल्यानंतरच्या हाताळणीत होता. हातमोजे बदलले, पुसणं बंद केलं, खोक्यांच्या जागी धुता येणारे प्लास्टिकचे ट्रे आणले आणि पॅकिंगसाठी दार लावलेली वेगळी खोली केली. बारा वर्षं ज्याला ते ‘स्वच्छ’ म्हणत आले होते ती व्याख्या त्यांना स्वतःच्या हाताने मोडावी लागली.

हे सांगताना त्यांनी एकदाही ‘आमच्याकडे असं करतात’ म्हटलं नाही. कारण तेव्हा तिथे कुणालाच ते करता येत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दुसरं ठिकाण पाहिलं आहे. ते तुमच्याच कुंपणाच्या आत आलं होतं.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट वर आली. त्यांच्या कंपनीचे पाच ग्राहक होते. प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, तक्रारीचं उत्तर द्यायची पद्धत वेगळी, नव्या पार्टच्या मंजुरीची, म्हणजे पीपॅपची, फाइल मागण्याची रीत वेगळी. एका ग्राहकाला चोवीस तासांत पहिलं उत्तर हवं, दुसऱ्याला त्याचा माणूस प्लांटमध्ये येऊन बसल्याशिवाय चैन नाही. मास्तर या पाचही घरांत वावरले होते, फक्त त्यांचा पगार एका घरातून येत होता. एका कंपनीत राहिलेल्या बहुतेक इंजिनियरांना हे मुलाखतीत सांगण्याजोगं आहे असं वाटतच नाही.

मग आकडे. ‘रिजेक्शन ८३ टक्क्यांनी कमी केलं’ असं एक वाक्य त्यांच्या सीव्हीत होतं. मी विचारलं, किती नगांवर? हिशोब केला. एका पार्टचा पुरवठा महिन्याला ५०,००० नग. ग्राहकाकडचं रिजेक्शन २४० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २४० नग होतं, महिन्याला १२ नग. अडीच वर्षांत ते ४० पीपीएमवर आलं, म्हणजे २ नग. टक्केवारी काढून ‘महिन्याला १२ परत यायचे, ते २ वर आले’ असं लिहिलं. टक्केवारीवर मुलाखत घेणारा संशय घेतो, बारा नगांवर मात्र तो पुढचा प्रश्न विचारतो: ते दोन कोणते राहिले? आणि मास्तरांना ते दोन पाठ होते.

इथे एका निर्णयावर मला कडक व्हावं लागलं. पुरावा म्हणून ते जुन्या कंट्रोल प्लॅनचे आणि ड्रॉइंगचे फोटो घेऊन जाणार होते. ती कंपनीची आणि ग्राहकाची मालमत्ता. नवी कंपनी ते पाहून खूश होत नाही, तिला कळतं की उद्या आपलीही ड्रॉइंगं अशीच बाहेर जातील. फोन रिकामा करूनच जायचं ठरलं. कोऱ्या कागदावर हाताने आकृती काढून सांगता आलं पाहिजे, आणि ते त्यांना उत्तम येत होतं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन शब्दांवर. एक ‘आमच्याकडे’. दुसरा ‘आम्ही’. मास्तर स्वतः केलेलं कामही ‘आम्ही केलं’ असंच सांगत. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं आणि तो संस्कार चांगलाच आहे. पण टेबलाच्या पलीकडच्याला समजत नाही की ही व्यक्ती त्यात होती कुठे. तोडगा असा निघाला: निर्णय कुणाचा ते ‘मी’ म्हणून सांगायचं, राबलं कोण ते नावानिशी किंवा कामानिशी सांगायचं. “हातमोजे बदलायचं मी ठरवलं, ट्रेचं डिझाइन टूलरूमच्या माणसाने केलं.” हे म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही.

शेवटी ‘इतकी वर्षं एकाच ठिकाणी का’ या प्रश्नाचं उत्तर बांधलं. दीड मिनिटात बसणारं, आणि त्यांच्याच तोंडचं:

“मी तिथे राहिलो कारण दर चार-पाच वर्षांनी काम बदलत गेलं. भोसरीत मी तपासणी शिकलो. चाकणला रिकाम्या शेडमध्ये क्वालिटी उभी केली. बीएस-६ च्या वेळी स्वच्छतेची लॅब काढली, आणि त्यात माझा पहिला अंदाज चुकला होता, तो कसा सापडला ते विचारलंत तर सांगेन. गेली दोन वर्षं मात्र नवीन काही आलेलं नाही आणि नवं डेव्हलपमेंट गुजरातला जातंय. मला पुण्यात राहून नवं काम करायचं आहे, म्हणून आलो.”

यात कंपनीची स्तुती नाही, तक्रारही नाही. ‘गेली दोन वर्षं नवीन काही आलेलं नाही’ हे वाक्य मास्तरांना नको होतं, कमीपणाचं वाटत होतं. मी ते ठेवायला लावलं. अठरापैकी अठरा वर्षं वाढच झाली असं सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ज्याची वाढ थांबलीच नाही तो सोडतोय कशाला, असा प्रश्नही उरतो.

मुलाखत

नव्या सीव्हीवर सहा अर्ज केले, चार फोन आले. त्यातली एक कंपनी विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटरसाठी ॲल्युमिनियमचं हाउसिंग करणारी होती. प्लांट नवा, मूळ गट युरोपातला. मास्तरांनी हीच निवडली.

तांत्रिक फेरीत एक जागा अवघड गेली. त्यांना एफएमईएबद्दल, म्हणजे दोष कुठे आणि कसा येऊ शकतो हे आधीच तपासण्याच्या पद्धतीबद्दल विचारलं. जुन्या पद्धतीत गंभीरता, वारंवारता आणि सापडण्याची शक्यता यांचे आकडे गुणून आरपीएन हा जोखमीचा आकडा काढतात. २०१९ च्या नव्या हँडबुकने तो गुणाकार सोडून कृतीचा अग्रक्रम ठरवायचा तक्ता आणला. मास्तरांच्या कंपनीत जुने पार्ट अजून आरपीएनवरच होते, नवी पद्धत त्यांनी एकाच पार्टवर वापरली होती. त्यांनी तेवढंच सांगितलं, की एका पार्टवर केलं आहे, सवय अजून आरपीएनची आहे. मग एक उदाहरण दिलं: गंभीरता ९ असूनही गुणाकार लहान आला म्हणून जुन्या यादीत खाली गेलेला दोष, नव्या तक्त्यात वर आला. पद्धत फक्त वाचलेल्या माणसाला हे उदाहरण सुचत नाही.

मग प्लांट हेडने विचारलं, “पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला इथे काय जड जाईल?” याची तयारी आम्ही केली होती, पण उत्तर त्यांनी जागेवर बदललं. ते म्हणाले, “तिथे मशीन अडलं की कुणाला फोन करायचा ते मला पाठ आहे. अर्धी कामं त्या फोनवर होतात. इथे माझ्याकडे एकही नंबर नसेल. म्हणून पहिला महिना मी प्रत्येक शिफ्टमध्ये आठवडाभर तरी बसेन, रात्रीच्यासुद्धा.” तिसरी भीती, ओळखीपाळखीची, त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवली आणि तिचा उपायही सांगितला. प्लांट हेडने नंतर मला सांगितलं की निर्णय तिथे झाला होता.

खरी परीक्षा प्लांट फेरीत झाली. लीक टेस्टच्या स्टेशनवर हेलियम वापरत होते. मास्तरांचा सगळा अनुभव हवेच्या दाबाची घट मोजून गळती शोधण्याचा. मला नंतर सांगताना म्हणाले की ‘आमच्याकडे हवेनेच करतात’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्याऐवजी त्यांनी ऑपरेटरला विचारलं, “इथे गळती निघाली तर नेमकी जागा कशी शोधता?” ऑपरेटर दहा मिनिटं सांगत राहिला, आणि प्लांट हेड मागे उभे राहून ऐकत राहिले.

काय झालं

ऑफर आली, पण मॅनेजरची नव्हे, डेप्युटी मॅनेजरची. पगार २६ टक्क्यांनी जास्त. एकाच ठिकाणी राहिलेल्यांचा पगार बाजाराच्या मागे पडलेला असतो आणि नवी कंपनी जुन्या पगारावरून मोजायला लागते, ही या प्रकारातली नेहमीची कोंडी. आम्ही पदासाठी भांडावं की पगारासाठी, यावर दोन दिवस विचार केला. मास्तरांनी दोन्ही सोडून एकच मागितलं: सहा महिन्यांनी पदाचा आढावा, तोही ऑफर लेटरमध्ये लिहून. ते मिळालं.

नोटिशीच्या काळावर एक बारीक पण पैशाचा निर्णय होता. २५ ऑक्टोबर २०२४ ला राजीनामा दिला, नव्वद दिवसांची नोटीस. नवी कंपनी पैसे भरून त्यांना दीड महिन्यात सोडवून घ्यायला तयार होती. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या मूळ पगाराला १५ ने गुणून, २६ ने भागून, वर्षांनी गुणून यायची, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. त्यांची सेवा १७ जुलै २००६ पासूनची. डिसेंबरात सोडलं असतं तर अठरा वर्षं. नोटीस पूर्ण करून २३ जानेवारी २०२५ पर्यंत थांबले तर एकोणीस. मूळ पगार ४२,००० होता, म्हणजे फरक साधारण २४,२०० रुपयांचा. नव्या कंपनीला त्यांनी कारण सरळ सांगितलं, आणि हातातलं काम नीट सोपवून येईन असंही. कंपनी थांबली. जुन्या कंपनीने याच काळात पगार वाढवून देऊ केला, पण जागा गुजरातचीच होती, त्यामुळे तो विचार लांबला नाही.

रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक ठेच लागली. एका लॉटमध्ये पोरोसिटी, म्हणजे धातूतली बारीक छिद्रं, दिसली आणि मास्तरांनी जुन्या सवयीने लाल टॅग लावून तोंडी सांगून लॉट अडवला. इथे माल अडवायचा तर सिस्टिममध्ये नोंद करावी लागते, नाहीतर स्टोअरला तो मोकळा दिसतो. रात्रपाळीने त्यातले ४० नग पुढे पाठवले. नग गेटच्या आतच सापडले, ग्राहकापर्यंत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बैठकीत मास्तरांनी चूक माझी असं सांगितलं आणि त्याच दुपारी स्टोअरच्या मुलाकडून ती नोंद करायला शिकले. अठरा वर्षांची सवय मुलाखतीच्या सरावाने जात नाही. फक्त ती कुठे आडवी येईल याचा अंदाज येतो.

काय वेगळं करता आलं असतं

एक चूक माझी. सीव्ही दोन पानांत बसवताना मी ऑपरेटर-प्रशिक्षणाची ओळ काढून टाकली. क्वालिटीच्या माणसासाठी ती किरकोळ वाटली. प्लांट फेरीत त्यांनी ऑपरेटरशी ज्या तऱ्हेने बोलणं केलं त्यावरून प्लांट हेडने स्वतःच विचारलं, तेव्हा कळलं की नव्या प्लांटमध्ये बहुतेक मुलं आयटीआय करून नुकतीच आलेली होती आणि त्यांना शिकवणाराच हवा होता. ज्या गुणावरून माणसाला ‘मास्तर’ हे नाव पडलं, तोच मी कागदावरून खोडला होता. ती ओळ असती तर मॅनेजरच्या पदासाठी बोलायला आमच्या हातात काहीतरी असतं.

दुसरी गोष्ट संदर्भांची. आम्ही दोन नावं दिली, दोन्ही जुन्या कंपनीतल्या माजी वरिष्ठांची. ग्राहक कंपनीतले एक सप्लायर क्वालिटी इंजिनियर होते, ज्यांनी मास्तरांना दहा वर्षं बाहेरून पाहिलं होतं. त्यांना विचारायचं आम्हाला सुचलं तेव्हा ऑफर आली होती. एकाच ठिकाणी राहिलेल्या माणसासाठी कुंपणाबाहेरचा साक्षीदार आतल्या दोघांहून जड असतो. अर्थात अशा माणसाला आधी खाजगीत विचारावं लागतं, कारण जुन्या कंपनीशी त्याचे व्यवहार चालू असतात.

तिसरी मास्तरांच्या हातातली होती. २०२१ मध्ये त्यांना दोन वर्षांसाठी सप्लायर क्वालिटीला जायची संधी आली होती. चालू काम कोण बघणार म्हणून ते गेले नाहीत. गेले असते तर महाराष्ट्रभरच्या फाउंड्री फिरले असते, आणि ‘गेली दोन वर्षं नवीन काही आलेलं नाही’ हे वाक्य उत्तरात लागलंच नसतं. अप्रेझलची पत्रं त्यांनी जपली, पण कोणत्या वर्षी काय नव्याने करावं लागलं याची नोंद कधी ठेवली नाही. ती आठवायला आमच्या चार बैठका गेल्या, आणि काही आकडे तरीही मिळाले नाहीत.

सहा महिन्यांचा आढावा जुलै २०२५ अखेर झाला. कामाबद्दल शेरा चांगला आला. मॅनेजरचं पद मात्र दुसरी लाइन सुरू होईपर्यंत पुढे ढकललं, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.